खालून गळणारा गिझर: दुरुस्त करावा की बदलावा?

विजेवर चालणाऱ्या साठवण गिझरच्या तळातून पाणी ठिबकू लागले की घरात दोन सल्ले येतात. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, वायसर बदलला की काम होईल. दुकानदार किंवा कंपनीचा माणूस म्हणतो, टाकी गेली आहे, नवा घ्या. हे दोन्ही सल्ले काही वेळा बरोबर ठरतात आणि काही वेळा साफ चुकतात. कारण गिझरच्या तळाशी दिसणारे पाणी तळातूनच आलेले असते असे नाही. भिंतीवर उभ्या टांगलेल्या गिझरमध्ये कुठूनही सुटलेले पाणी आवरणाच्या आतून ओघळत शेवटी खालच्या झाकणापाशी येते आणि तिथून थेंब पडतो. म्हणून दुरुस्ती की बदल या वादाचा आढावा घेताना आधी पाण्याच्या उगमाचा विचार करावा लागतो. येथे १० ते २५ लिटरच्या, भिंतीवर उभ्या बसवलेल्या घरगुती गिझरचाच विचार केला आहे. महाराष्ट्रातल्या शहरी घरांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

टाकीची घडण आणि तिची पार्श्वभूमी

तांब्याच्या बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली तेव्हा सुरुवातीच्या अनेक गिझरांची आतली टाकीही तांब्याचीच असे. तांबे लवकर गंजत नाही, आणि सांधा सुटला तर कारागीर तो पुन्हा डाग देऊन बंद करू शकत असे. टाकी गळली तरी ती दुरुस्त होते, ही समजूत त्या काळातली आहे आणि त्या टाक्यांपुरती ती खरीही होती. पुढे तांबे महाग झाले आणि उंच इमारतींमुळे टाकीवरचा पाण्याचा दाब वाढला. तेव्हा पोलादी टाकीला आतून काचेसारखा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील ए. ओ. स्मिथ कंपनीने या पद्धतीचे पेटंट १९३६ मध्ये घेतले होते. आज बाजारात मुख्यतः काचलेपित पोलाद, स्टेनलेस स्टील आणि आतून प्लास्टिकचा थर दिलेले पोलाद अशा तीन प्रकारच्या टाक्या मिळतात.

काचेचा लेप ८०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाच्या भट्टीत पोलादावर वितळवून बसवलेला असतो. तो पाण्याला पोलादापर्यंत पोहोचू देत नाही, पण पूर्णपणे निर्दोष कधीच नसतो. सूक्ष्म छिद्रे राहतात, वेल्डिंगच्या जोडांवर आणि तोंडाच्या कडांवर लेप पातळ असतो. या उणिवेवर उपाय म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवतात. तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजते आणि स्वतः झिजताना उघड्या पडलेल्या पोलादाला वाचवते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळावरील तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. गिझरमधली कांडी त्याच तत्त्वावर काम करते. कांडी संपल्यावर मात्र लेपातल्या प्रत्येक छिद्राशी पोलाद एकटे उरते आणि तिथे गंज खोल जाऊ लागतो.

स्टेनलेस स्टीलला असा लेप लागत नाही. त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा त्याचे रक्षण करतो. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, म्हणजे पाणी खारट किंवा मचूळ असेल, तर हा पापुद्रा वेल्डिंगच्या आसपास आणि अरुंद फटींमध्ये फुटतो. त्यातून सुईच्या टोकाएवढी छिद्रे किंवा केसासारख्या भेगा पडतात. म्हणजे टाकी कोणतीही असो, तिच्या आयुष्यावर घरात येणाऱ्या पाण्याचा मोठा प्रभाव असतो. भारतीय मानक आय. एस. १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि एकूण कठीणपणाची २०० मिलिग्रॅम धरते. दुसरा पर्याय नसेल तर या मर्यादा अनुक्रमे १००० आणि ६०० पर्यंत मान्य आहेत. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या अनेक सोसायट्यांत कठीणपणा स्वीकारार्ह मर्यादेच्या बराच वर असतो. असे पाणी पिण्यासाठी मान्य मर्यादेत असले, तरी तापवल्यावर कॉइलवर आणि टाकीच्या बुडाशी क्षारांचे थर धरते.

खाली दिसणारे पाणी येते कुठून

पहिली जागा म्हणजे बाहेरचे जोड. गिझरच्या तळाशी थंड पाणी आत घेणारे आणि गरम पाणी बाहेर सोडणारे असे दोन निपल असतात. त्यांना जोडनळ्या लावलेल्या असतात आणि प्रत्येक जोडात रबरी वायसर असतो. उष्णतेने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि पाणी झिरपते. या गळतीचा गिझरच्या प्रकृतीशी काही संबंध नसतो.

दुसरी जागा आहे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो थंड पाण्याच्या बाजूला, तळाशीच बसवलेला असतो आणि बहुधा दोन कामे करतो. आत आलेले पाणी मागे जाऊ देत नाही आणि टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की थोडे पाणी बाहेर सोडतो. पाणी तापले की प्रसरण पावते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले तर त्याचे आकारमान सुमारे २०० मिलिलिटरने, म्हणजे पेलाभर वाढते. नळ बंद असतील आणि मागचा रस्ताही बंद असेल, तर हे पेलाभर पाणी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडायला हवे. म्हणून गिझर चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब पडणे हा बिघाड नाही. ते त्याचे नेमून दिलेले काम आहे. गिझर थंड असतानाही व्हॉल्व्ह सतत ठिबकत असेल, तर आत क्षाराचा कण अडकलेला असतो, स्प्रिंग खराब झालेली असते किंवा इमारतीतल्या पाण्याचा दाबच जास्त असतो.

या थेंबांना कंटाळून काही घरांत व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच बसवले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे. पाणी दाबून लहान होत नाही. बाहेर पडायला वाट नसेल तर प्रत्येक वेळी तापताना टाकीच्या भिंती ताणल्या जातात. त्यातच थर्मोस्टॅट अडकला आणि कॉइल चालूच राहिली तर टाकी फुटू शकते. थेंबांचा त्रास असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीकडे सोडावी आणि तिचे दुसरे टोक उघडे ठेवावे.

तिसरी जागा म्हणजे फ्लँज. खालचे प्लास्टिकचे झाकण काढले की एक गोल धातूची चकती दिसते. ती काही बोल्टांनी टाकीच्या तोंडावर आवळलेली असते. कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये अ‍ॅनोड रॉडही याच चकतीवर बसवलेले असतात. चकती आणि टाकी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असते. काही वर्षांनी ते चपटे आणि कडक होते आणि एखाद्या बोल्टाच्या बाजूने पाणी सुटते. कॉइलचे आवरण फाटले असेल, तर पाणी कॉइलच्या आतून तिच्या टोकांपाशीही येते. या दोन्ही प्रकारांत पाणी विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचते, म्हणून ही गळती थोडी असली तरी गंभीर समजावी लागते.

चौथी जागा खुद्द टाकी. गंजाने पडलेल्या छिद्रातून सुटलेले पाणी टाकी आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये भरलेल्या पफच्या फोममध्ये शिरते, त्यातून वाट काढत खाली येते आणि झाकणाच्या कडेने ठिबकते. फोम भिजायला वेळ लागतो. त्यामुळे थेंब बाहेर दिसण्याआधी ही गळती बरेच दिवस चालू असू शकते.

उगम ओळखण्याची पद्धत

तपासणीआधी वीज तोडणे ही पहिली पायरी आहे. बाथरूममधला ओला स्विच न चाचपता मुख्य फलकावरचा एमसीबी खाली करावा. मग थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ थोडा उघडावा, म्हणजे टाकीतला दाब उतरेल. पाणी निवेपर्यंत गिझरला हात लावू नये. गिझर चालू केल्यावर आरसीसीबी पडत असेल किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरच्या घरी पुढे काहीही करू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

गिझर निवल्यावर तळ, निपल, जोडनळ्या आणि व्हॉल्व्ह फडक्याने कोरडे करावेत. प्रत्येक जोडाभोवती कोरड्या टिश्यू पेपरची वेगळी पट्टी गुंडाळावी. गरम पाण्याचा नळ बंद करून थंड पाण्याचा कॉक पुन्हा उघडावा, वीज बंदच ठेवावी आणि काही तास, शक्य असेल तर रात्रभर वाट पाहावी. जी पट्टी आधी ओली होईल तिथे गळती आहे. सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या आणि झाकणाच्या कडेने थेंब आला, तर पाणी आतून येत आहे. थंड गिझर कोरडा राहिला आणि तापवतानाच फक्त व्हॉल्व्ह ठिबकला, तर ते प्रसरणाचे पाणी आहे आणि गिझर ठीक आहे.

पाणी आतून येत असेल तर पुढची तपासणी झाकण काढून करावी लागते. गिझर वॉरंटीत असेल तर हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. बाहेरच्या कारागिराने गिझर उघडला, या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. टाकीची वॉरंटी बहुधा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, त्यामुळे संपूर्ण गिझरची मुदत संपली तरी टाकीची मुदत शिल्लक असू शकते. बिल आणि वॉरंटी कार्ड आधी पाहावे, स्क्रू मग.

झाकणाखाली फ्लँजची कड पुसून कोरडी करावी आणि बॅटरीच्या उजेडात लहान आरसा धरून पाहावे. पाणी चकतीच्या कडेलाच पाझरून उमटत असेल, एखाद्या बोल्टाजवळ पांढरा खरबरीत थर जमला असेल, तर गॅस्केट गेले आहे. कॉइलच्या टोकांच्या मधूनच पाणी येत असेल तर कॉइल गेली आहे. चकती कोरडी आहे, पण तिच्याबाहेर फोम आणि पत्रा यांच्या फटीतून पाणी येत आहे, फोम तपकिरी आणि लिबलिबीत झाला आहे, तर टाकी फुटली आहे. येथे घाई केली तर फसगत होते. टाकीतून सुटलेले पाणी चकतीवरही ओघळते, म्हणून पुसून पुन्हा पाणी नेमके कुठे उमटते ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. केवळ तांबूस रंगावरूनही टाकीला दोष देता येत नाही. जुन्या जी.आय. पाइपचा किंवा गंजलेल्या बोल्टांचा रंगही तसाच असतो.

दुरुस्तीच्या बाजूचे म्हणणे

दुरुस्तीचा आग्रह धरणाऱ्यांचा मुख्य मुद्दा गिझरच्या रचनेतूनच येतो. वायसर, व्हॉल्व्ह, गॅस्केट, कॉइल, थर्मोस्टॅट आणि अ‍ॅनोड हे सगळे सुटे, बदलण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. टाकी शाबूत असताना दोनअडीचशे रुपयांच्या रबरासाठी संपूर्ण गिझर भंगारात देणे हे पैशाचे आणि साहित्याचेही नुकसान आहे. भंगारवाला पोलाद आणि तांबे काढून घेतो, पण फोम आणि प्लास्टिक बहुधा कचऱ्यातच जाते. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून घेता यावी, यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि तिच्या कार्यक्षेत्रात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपनीच्या केंद्राबाहेरही मिळावी, ही मागणी त्यामागे आहे.

विजेच्या बचतीसाठी जुना गिझर बदलावा, या युक्तिवादालाही या बाजूकडे उत्तर आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी १८ मिनिटे पुरतात. हा आकडा जुन्या आणि नव्या गिझरला जवळपास सारखाच आहे, कारण पाण्यात बुडालेली कॉइल आपली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच देते. स्टार लेबलवरचा फरक पडतो तो तापलेले पाणी साठून राहिल्यावर होणाऱ्या उष्णतेच्या ऱ्हासात. जिथे गिझर दिवसरात्र चालू राहतो तिथे हा ऱ्हास महत्त्वाचा ठरतो. आंघोळीआधी वीस मिनिटे चालू करून लगेच बंद करण्याची पद्धत असलेल्या घरात त्याचा वाटा लहान राहतो. तिथे केवळ जास्त स्टार मिळवण्यासाठी सुस्थितीतला गिझर बदलणे परवडत नाही.

मात्र दुरुस्ती नीट व्हायला हवी, ही अट या बाजूचे जाणकारही घालतात. गळणाऱ्या फ्लँजचे बोल्ट नुसते आवळून काही दिवस निभावते, पण कडक झालेले गॅस्केट आणखी चिरडते. योग्य काम म्हणजे टाकी रिकामी करणे, फ्लँज उतरवणे, बसण्याची जागा खरवडून साफ करणे, त्याच मॉडेलचे नवे गॅस्केट घालणे आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेणे. फ्लँज उघडलाच आहे तर टाकीच्या बुडाशी साठलेली क्षारांची खडी काढणे आणि अ‍ॅनोड पाहणे हेही त्याच वेळी व्हावे. कांडीतली आतली तार उघडी पडली असेल तर कांडी बदलावी. विजेची जोडणी भिजली असेल तर गंजलेली टोके आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. शेवटी गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरावी आणि मगच स्विच लावावा. कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

बदलण्याच्या बाजूचे म्हणणे

बदलाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा टाकीच्या गळतीचा आहे, आणि त्यावर तांत्रिक मतभेद फारसा नाही. काचलेपित टाकीचे छिद्र वेल्डिंगने बुजवता येते, पण त्या उष्णतेने आसपासचा लेप तडकतो आणि नवे पोलाद उघडे पडते. तो लेप पुन्हा बसवायला कारखान्यातली भट्टी लागते. एम-सील किंवा इपॉक्सी बाहेरून लावायचे तर आधी आवरण आणि फोम फोडावा लागतो. तरीही लेप दाबाच्या उलट्या बाजूला बसतो आणि पाणी त्याला आतून ढकलत राहते. एक छिद्र पडले म्हणजे त्याच्या शेजारचे पोलादही पातळ झालेले असते, म्हणून पहिले बुजवले तरी दुसरे लवकरच उघडते. स्टेनलेस स्टीलची टाकी आर्गन वेल्डिंगने जोडता येते, पण ज्या पाण्याने जुन्या जोडाजवळ भेग पाडली ते नव्या जोडाजवळही पाडते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. भिजलेला फोम, गंजलेली वायर आणि बाथरूममधला माणूस यांचा एकत्र विचार केला तर अर्धवट दुरुस्तीची जोखीम घेण्यासारखी नाही. बहुतेक घरगुती गिझरांची कॉइल २००० वॉटची असते आणि ती २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. अर्थिंग नीट नसेल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल, तर अशा गिझरमधली विद्युत गळती जिवावर बेतू शकते.

तिसरा मुद्दा साखळी दुरुस्तीचा. जुन्या गिझरमध्ये आज गॅस्केट, तीन महिन्यांनी कॉइल आणि मग थर्मोस्टॅट असे खर्च एकामागून एक येतात. प्रत्येक वेळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. मॉडेल बंद झाले असेल तर जुळणारे गॅस्केट मिळत नाही आणि कारागीर कापलेल्या रबराच्या पत्र्यावर वेळ मारून नेतो.

या बाजूनेही एक अट पाळायला हवी. नवा गिझर जुन्याच पाण्यावर आणि जुन्याच दाबावर चालणार असतो. जुनी टाकी लवकर का गेली ते न पाहता नवी बसवली तर तिचीही गत तीच होते. दहा मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल, तर दुसऱ्या मजल्यावर सुमारे अडीच बार दाब असतो; प्रेशर पंप असेल तर तो आणखी वाढतो. नव्या गिझरच्या पाटीवरची दाबाची मर्यादा या दाबापेक्षा पुरेशी जास्त असावी आणि सेफ्टी व्हॉल्व्हही नवाच बसवावा.

एका उदाहरणाचा हिशेब

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत सहा वर्षांचा, १५ लिटरचा काचलेपित गिझर आहे. महापालिकेच्या पाण्यात उन्हाळ्यात टँकरचे पाणी मिसळते. पाच वर्षांची टाकीची वॉरंटी संपलेली आहे. रोज सकाळी गिझरखाली ठेवलेल्या बादलीच्या तळाशी थोडे पाणी साठलेले दिसते आणि ते वीज बंद असतानाही पडते. जोडांवरच्या कागदी पट्ट्या कोरड्या राहतात. झाकण काढल्यावर फ्लँजच्या एका बोल्टाजवळ पांढरा थर दिसतो आणि पुसल्यावर तिथेच पुन्हा ओल उमटते. फ्लँज उतरवल्यावर ओंजळभर खडी निघते. अ‍ॅनोडची जागा नुसत्या तारेने घेतलेली आहे, पण टाकीच्या तोंडाची कड गुळगुळीत आहे आणि आत तांबूस डाग नाहीत.

गॅस्केट, नवा अ‍ॅनोड आणि मजुरी मिळून १,५०० रुपये खर्च येतो, असे धरू. नवा गिझर बसवणावळीसह ८,००० रुपयांना पडतो आणि या पाण्यावर आठ वर्षे टिकतो, असे मानले तर वर्षाला १,००० रुपये झाले. म्हणजे दुरुस्तीनंतर जुना गिझर दीड वर्षाहून जास्त चालला तर दुरुस्ती फायद्याची. टाकी आतून स्वच्छ असल्याने ही अपेक्षा रास्त आहे. येथे दुरुस्तीचा निर्णय योग्य ठरतो.

त्याच गिझरमध्ये फ्लँज कोरडा असता आणि फोममधून तपकिरी पाणी येत असते, तर तेच १,५०० रुपये पाण्यात गेले असते. त्या वेळी थंड पाण्याचा कॉक बंद करून, टाकी रिकामी करून दोन्ही जोडनळ्या एकमेकींना जोडाव्यात. गिझर बाजूला ठेवून नळांना थंड पाणी येत राहते आणि नवा गिझर निवडायला सवड मिळते.

तिसरी शक्यता मधली आहे. गळती गॅस्केटमधूनच आहे, पण टाकीच्या तोंडाच्या कडेवर गंजाचे खड्डे पडलेले आहेत. अशा कडेवर नवे गॅस्केट काही काळच पाणी धरते. येथे दीड वर्षाची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून वरचा हिशेब बदलाकडे झुकतो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा, हा प्रचलित नियम येथे अपुरा पडतो. तो खर्च मोजतो, पण दुरुस्तीनंतर उरणारे आयुष्य मोजत नाही.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न टाकीच्या साहित्याचा. खारट पाण्यासाठी काचलेपित टाकी बरी की स्टेनलेस स्टीलची, यावर विक्रेते आणि कारागीर यांच्यात एकमत नाही. काचलेपित टाकीच्या बाजूने सांगितले जाते की कांडी वेळेवर बदलली तर ती क्लोराइडला तोंड देते. स्टेनलेसच्या बाजूने सांगितले जाते की भारतीय घरांत कांडी कोणी बदलतच नाही, म्हणून जिला कांडी लागत नाही ती टाकी घ्यावी. दोन्ही दावे आपापल्या गृहीतकांवर उभे आहेत, आणि निर्णय शेवटी घरातल्या देखभालीच्या सवयीवर येऊन ठेपतो.

दुसरा प्रश्न त्या देखभालीचाच. अ‍ॅनोड दर एकदोन वर्षांनी पाहावा, असा सल्ला दिला जातो. पण जिथे कांडी फ्लँजवरच बसवलेली असते तिथे ती पाहण्यासाठी टाकी रिकामी करून गॅस्केट उघडावे लागते. प्रत्येक वेळी उघडल्याने गॅस्केट सैल होऊन गळतीला निमित्त मिळते, असे काही कारागीर म्हणतात. दर वेळी गॅस्केटही बदलावे, असे इतरांचे उत्तर असते. कांडी स्वतंत्र झाकणातून बाहेर काढता येईल अशी रचना सर्व मॉडेलांत आली तर हा वाद बराच मिटेल.

तिसरा प्रश्न निदान कोणी करावे हा आहे. नवा गिझर विकण्यात ज्याचा लाभ आहे त्याने टाकी गेल्याचे सांगणे आणि दुरुस्तीच्या मजुरीवर ज्याचे पोट आहे त्याने टाकी ठीक असल्याचे सांगणे, या दोन्हींत ग्राहकाला पडताळणीची सोय नसते. दोष दाखवल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, हा शिरस्ता सेवा देणाऱ्यांनी पाळला तर ग्राहकाचा विश्वास वाढेल.

निष्कर्ष

उपलब्ध माहितीवरून एवढे ठामपणे म्हणता येते. जोड, व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा कॉइल यांतून गळती असेल आणि टाकी आतून शाबूत असेल, तर गिझर दुरुस्त करावा आणि त्याच वेळी अ‍ॅनोडही पाहावा. टाकीतून गळती असेल तर वॉरंटी तपासावी. ती संपली असेल तर गिझर बदलावा आणि छिद्र बुजवण्यावर पैसे घालू नयेत. वादाला खरी जागा उरते ती गंजू लागलेल्या, पण अजून न फुटलेल्या टाकीपुरती. तिथे दुरुस्तीचा खर्च नव्या गिझरच्या वार्षिक खर्चाशी ताडून पाहावा. ग्राहकाने मेकॅनिककडे एकच आग्रह धरावा: पाणी नेमके कुठून उमटते ते वीज बंद करून, पुसून, डोळ्यांसमोर दाखवा, आणि मग दुरुस्तीचे किंवा नव्याचे बोला.